वेळ कुणाचा, कोणत्या तासातला?

शाळेत सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्यांनी हल्ली एक वाक्य पाठ केलं आहे: ‘मॅडम, तुमच्या शिक्षकांचे आठवड्याला पाच तास वाचतील.’ मुख्याध्यापिका बाईंनी यावर एकच प्रश्न विचारावा. पाच तास कोणत्या तासातले? वर्गातले, ऑफ तासातले की घरी रात्री जेवणानंतरचे? उत्तर पडद्यावरच्या रंगीत आलेखातून येऊ लागलं, तर चहा पाजून पाठवणी करावी.

हा प्रश्न किचकटपणा नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरवून दिलं आहे. शिक्षकांचा आठवडा तयारीसकट किमान 45 तासांचा. रात्री वह्या तपासण्याचा वेळ वाचला तर बाईंना विश्रांती मिळेल, आणि ती त्यांच्या हक्काची आहे. पण मुलांच्या पदरात थेट काही पडायचं असेल, तर वेळ घंटा ते घंटा या चाळीस मिनिटांतच वाचायला हवा. विक्रेते दोन्ही वेळांची बेरीज करून एकच फुगलेला आकडा सांगतात. ही फसवी बेरीज आहे.

मग खरं काय मांडावं? एक वर्ग घेऊ. सहावी, पट 45, गणिताचा तास. बाई बाकांमधून फिरत गृहपाठ पाहतात. एका वहीला दहा सेकंद धरले तरी साडेसात मिनिटं गेली. एवढं करून कळतं काय, तर कुणी लिहिलंय आणि कुणी नाही. कुणाला समजलंय, हे दहा सेकंदांत कळत नाही. शेजारच्याची वही उतरवलेल्यालाही बरोबरची खूण मिळते.

इथे संगणक कक्ष सुचवणाऱ्याला आधीच थांबवावं. वीस संगणक, पंचेचाळीस मुलं, रांगेने खाली जाणं, पासवर्ड विसरलेली चार जणं. तास सुरू होईपर्यंत पाव तास संपतो. वेळ वाचवण्याच्या नावाखाली वेळ खाणारी ही सगळ्यात जुनी पद्धत आहे.

साधा मार्ग आहे तो छापील कार्डांचा. प्लिकर्स या नावाने तो अनेक वर्षं वापरात आहे. प्रत्येक मुलाकडे एक कागदी कार्ड, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी. चार कडा म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर असलेली कड वर करून कार्ड धरायचं. बाई फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते पडद्यावर येतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि पर्यायाचं अक्षर बारीक, म्हणून पुढच्या बाकावरचं पाहून उत्तर देणं अवघड. मुलांकडे कोणतंच यंत्र लागत नाही. लागतो तो एक फोन आणि नेट.

आता प्रश्न काय विचारायचा, यात सगळी मेख आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात अपूर्णांकांवरील क्रिया आहेत. विचारा: 1/2 + 1/3 = किती? पर्याय द्या 5/6, 2/5, 2/6 आणि 1/6. चुकीचे तिन्ही पर्याय मुद्दाम निवडलेले आहेत. 2/5 म्हणणाऱ्याने वरच्यांची वर आणि खालच्यांची खाली बेरीज केली. 2/6 म्हणणाऱ्याने छेद समान केला, पण अंश बदलायचे राहिले. 1/6 म्हणणाऱ्याने गुणाकार केला. तिघांवरचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला विचारावं लागतं, ‘अर्ध्यात भर घातलीस, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?’ दुसऱ्याला फक्त राहिलेली पायरी दाखवली की पुरतं. वर्गातल्या पंधरा जणांनी 2/5 धरलेलं दिसलं, तर बाई तिथल्या तिथे फळ्याकडे वळतात. शनिवारच्या चाचणीचे पेपर तपासून हीच गोष्ट बुधवारी कळली, तर धडा पुढे सरकलेला असतो. माझ्या मते या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथे आहे.

आणि वेळ? दोन प्रश्न, प्रत्येकी एक मिनिट, सुरुवातीच्या तयारीला एक मिनिट. साडेसातच्या जागी तीन. तासाला साडेचार मिनिटं वाचली. आठवड्याला सहा तास असतील तर 27 मिनिटं. पाच तास कुठे आणि 27 मिनिटं कुठे! पण ही 27 मिनिटं घड्याळ लावून दाखवता येतात. वह्या तपासणं संपत नाही, हेही विक्रेत्याने स्वतःहून सांगावं. रोजची फेरी थांबते, पण वह्या आठवड्यातून एकदा गोळा कराव्याच लागतात. भूमितीची रचना किंवा उदाहरणाच्या पायऱ्या कार्डावर तपासता येत नाहीत.

वाचलेला वेळ कुठे सांडतो, तेही ठरलेलं आहे. कार्डांना चकचकीत लॅमिनेशन केलं की खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेरा वाचत नाही. लॅमिनेशन मॅटच हवं. मुलांची बोटं नक्षीवर येतात. यादी इंग्रजी पहिल्या नावाने लागली असेल तर बाई नाव शोधत बसतात. यादी हजेरी क्रमांकाने हवी आणि कार्डाचा क्रमांकही तोच. प्रश्न बाईंनीच घरी तयार करायचे असतील, तर रात्रीचा अर्धा तास घालवून सकाळची साडेचार मिनिटं कमावली, असं होतं. म्हणून प्रश्न पुस्तकातल्या पाठांच्या क्रमाने, मराठीत, तयार मिळायला हवेत. सगळ्यात वाईट म्हणजे दुहेरी नोंद. सॉफ्टवेअरमध्ये गुण आहेत, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत पुन्हा लिहायचे आणि सरकारी पोर्टलवर तिसऱ्यांदा भरायचे. शाळेच्या नमुन्यात तक्ता छापून निघत नसेल, तर शिक्षकांचं काम वाढलं असंच समजावं.

तेव्हा विक्रेत्यांनो, मुख्याध्यापिका बाईंच्या समोर बसाल तेव्हा लॅपटॉप बंद ठेवा. घड्याळ घेऊन एक तास मागच्या बाकावर बसण्याची परवानगी मागा. तीनच वेळा टिपा: घंटा झाली कधी, गृहपाठाची फेरी संपली कधी, नवीन शिकवणं सुरू झालं कधी. असा एक आठवडा कार्डांविना मोजा. मग त्याच वर्गात, त्याच बाईंकडे कार्डं द्या. पहिले दोन आठवडे मोजू नका, कारण मुलांना कार्ड उलटंसुलटं धरण्यातच गंमत वाटते. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजा, आणि ते तुमच्या माणसाने नको, शाळेतल्याच दुसऱ्या शिक्षकांनी मोजावं. बाईंनी घरी तयारीला घालवलेली मिनिटं त्यातून वजा करा.

बाई, तुम्ही करारात दोन ओळी घालून घ्या. निम्मे पैसे तिसऱ्या आठवड्याच्या मोजणीनंतर. आणि तयारीचा वेळ वजा जाता तासाला तीन मिनिटंही वाचली नाहीत, तर उरलेले पैसे द्यायचे नाहीत. शिवाय वाचलेली मिनिटं कुणाला जाणार, हे वेळापत्रकातच लिहून ठेवा: 2/5 वाल्या मुलांसोबत फळ्यापाशी. तसं लिहिलं नाही, तर त्याच मिनिटांत ऑफिसचा शिपाई नवीन माहितीचा तक्ता घेऊन दारात उभा राहील.