ती माझी जोडी नाही

असा एक माणूस तुमच्याही ओळखीत असणारच, त्यामुळे नाव सांगत नाही. आमच्या मजल्यावर त्याला 'जोडी' म्हणतात. लग्न झालेलं नाही. जोडी म्हणजे भाषाजोडी. हा मोकळ्या धंद्यातला अनुवादक. लोक मोबाइलवर घर शोधतात तसे कामाच्या बाजारात अनुवादक शोधले जातात, आणि तिथे आपल्याबद्दल चार ओळी लिहाव्या लागतात. कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत, कुठल्या विषयात, आणि तुमच्यावर भरवसा का ठेवायचा. त्या चार ओळींनी ह्या माणसाची वाट लावली.

परवा शेजारच्या काकूंना बँकेचा फोन आला, समोरची मुलगी नुसती इंग्रजीत सुरू. काकूंनी फोन ह्याच्या हातात कोंबला. ह्याने तो विंचू असल्यासारखा परत दिला. "काकू, मी लेखी करतो. तोंडी म्हणजे दुभाष्या. ती माझी जोडी नाही." काकू म्हणाल्या, "मग लिहून घे आणि सांग!" तो म्हणाला, "लिहून घेणं हा आणखी वेगळा धंदा."

जोडीला दिशा असते, हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही म्हणू शकेन. इंग्रजीतून मराठीत येणारा माणूस मराठीतून इंग्रजीत जाऊ शकेलच असं नाही. शिरस्ता असा, की आपल्या मातृभाषेत यायचं, तिच्यातून बाहेर जायचं नाही. हे ठीक. पण हा ते तत्त्व कटिंग चहालाही लावतो. आई म्हणाली, "बाबांना सांग जेवायला चला," तर ह्याचं उत्तर ठरलेलं: आई ते बाबा, ती माझी जोडी नाही.

राहतो भिवंडीत कामतघरच्या बाजूला, खाली माग. पॉवरलूमची खटखट दिवसरात्र चालते आणि हा वर बसून कलमं जुळवतो. तो सांगतो, वीज गेलेली त्याला अंधाराने नाही, शांततेने कळते. खालचे कारागीर मीटरवर मजुरी घेतात, हा शब्दावर. धोटा थांबला की दोघांचीही कमाई थांबते, फक्त ह्याच्या लॅपटॉपला दोन तास दम असतो.

आता ती चार ओळींची गोष्ट. पहिल्या वेळी त्याने विषयांत चौदा विषय लिहिले होते. कायदा, वैद्यकीय, जाहिरात, शेती, अणुऊर्जा आणि "काव्य (मुक्तछंदासह)". मी विचारलं, अणुऊर्जा कुठून आली? म्हणाला, "बारावीला फिजिक्स होतं." भरवशाच्या ओळीत "शंभर टक्के अचूक, चोवीस तास उपलब्ध". चार महिन्यांत एक काम आलं, तेही एका खानावळीचं मेन्यूकार्ड. ज्याला चौदा विषय येतात त्याला एकही येत नाही, हे काम देणाऱ्याला तिसऱ्या विषयापर्यंतच कळतं. ह्याला कळायला मेन्यूकार्ड लागलं.

मग एके दिवशी सातबारा आला. भिवंडी तालुक्यात माणकोली, पूर्णा, काल्हेर ह्या पट्ट्यात गोदामं उभी राहिली, तशी जमिनीची कागदपत्रं इंग्रजीत मागणारे बाहेरचे लोकही आले. ह्याच्याकडे आलेला कागद आधीच कुणीतरी इंग्रजी करून ठेवलेला होता, फक्त नजर टाकायची होती. ह्याने टाकली, आणि मला रात्री अकराला फोन केला. पलीकडे हसतोय की रडतोय कळेना.

सातबाऱ्यात क्षेत्र होतं 1.05.20. म्हणजे 1 हेक्टर, 5 आर, 20 चौरस मीटर. एकरात मोजलं तर साधारण 2.6 एकर. पुढच्या रकान्यात 'आकार', खाली 3.75. आता सातबाऱ्यातला आकार म्हणजे जमिनीवरची सरकारी आकारणी, म्हणजे शेतसारा, रुपये-पैशांत: पावणेचार रुपये. आधीच्या माणसाने त्याला इंग्रजीत 'साइज' केलं होतं. घेणाऱ्याच्या माणसाने ते वाचून 3.75 एकर धरले, आणि एक एकराहून जास्त जमीन हवेत उगवली. त्याच कागदात 'पोटखराबा' म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, त्याचं भाषांतर पोटाच्या आजारासारखं झालं होतं. आणि 'फेरफार', म्हणजे हक्काच्या नोंदीतला बदल, तिथे चक्क कागदात खाडाखोड केल्याचा अर्थ. "हे करणाऱ्याला मराठी येत असणार रे," जोडी म्हणाला. "फक्त तलाठ्याचं मराठी नाही."

पण त्याला खरा घाम फुटला तो भोगवटादाराच्या ओळीत. तिथे 'वर्ग 2' होतं, आणि इंग्रजीत वर्ग गळून नुसता 'ऑक्युपंट' उरला होता. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वर्ग 1 चा भोगवटादार जमीन विकू शकतो. वर्ग 2 च्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय हस्तांतर करता येत नाही. एक आकडा सुटला, आणि सगळा व्यवहार अडकला असता.

त्या रात्री त्याने चार ओळी फाडून नव्या लिहिल्या. अणुऊर्जा गेली, काव्य गेलं (हे त्याला जड गेलं, मुक्तछंदासह). उरलं एवढंच: "मराठी ते इंग्रजी, जमिनीची कागदपत्रं: सातबारा, फेरफार, खरेदीखत. दर पानावर. दुसरा जाणकार तपासतो." शिरस्त्याच्या उलटी दिशा, म्हणून तपासणाऱ्याची ओळ. शब्दाचा दर का सोडला? सातबाऱ्यात शब्द दोन-अडीचशेच, उरलेले आकडे आणि रकाने. शब्दावर घेतलं तर तीन तासांच्या कामाचा चहाही सुटत नाही. आणि "शंभर टक्के अचूक"च्या जागी त्याने लिहिलं, "शंका असेल तर विचारतो." मला वाटलं, गिऱ्हाईक पळेल. पळालं नाही.

ह्याचा अर्थ तो सुधारला असा नाही. गेल्या महिन्यात मी माझ्या घराच्या कराची पावती समजावून मागितली, तर म्हणाला, महापालिकेची भाषा वेगळी, ती माझी जोडी नाही.

मग पावसाच्या एका संध्याकाळी त्याच्या जिन्यात एक म्हातारा बसलेला दिसला. गावाकडचा, गुडघ्याशी पिशवी, पिशवीत इंग्रजी करारनामा. "ह्यात काय लिवलंय सांग रं पोरा." माझ्या मनात उत्तर तयार होतं: इंग्रजी ते मराठी, आणि तेही तोंडी. जोडी पायरीवर बसला. चोवीस पानं. एकेक कलम वाचायचा, थांबायचा, म्हाताऱ्याच्या बोलीत सांगायचा, मग विचारायचा, "काय कळलं, मला सांगा." नऊच्या सुमाराला खालचे माग बंद झाले, वीज गेली. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात वाचन चालूच. चौदाव्या कलमाला थांबून म्हणाला, "बाबा, इथे सही करू नका. जमीन वर्ग 2 ची आहे, मंजुरीआधी ताबा द्यायचं लिहिलंय. आधी वकिलाला दाखवा."

म्हाताऱ्याने पिशवीतून चुरगळलेल्या नोटा काढल्या. "किती रं तुझं?"

"राहू दे, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही ते मी, ती माझी जोडी नाही."