तीन मिनिटं आणि एक सडका कांदा

माझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचं शीर्षक एका दमात वाचून होत नाही. 'साठवणुकीतील रब्बी कांद्यामधील सडीच्या पूर्वसूचनेकरिता वायुरूप संयुगांच्या संवेदनाधारित निरीक्षणपद्धतीचा विकास व मूल्यमापन.' मधे कुठे थांबावं म्हटलं तर स्वल्पविरामही नाही. पानं चाळीस, उद्दिष्टं पाच. मला त्याचा फार अभिमान होता, कारण ते कुणालाच कळत नव्हतं.

अशात विभागात स्पर्धा जाहीर झाली. आपला प्रस्ताव तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर मांडायचा. स्लाइड हलता कामा नये, हातात वस्तू नको, कविता-गाणी नकोत, आणि तीन मिनिटांच्या वर एक सेकंद गेला तरी बाद. मूळ कल्पना ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाची, २००८ सालची. तिथे तेव्हा दुष्काळ होता आणि लोक न्हाणीघरात अंडी उकडायचं तीन मिनिटांचं घड्याळ लावून आंघोळ उरकत होते. त्यावरून म्हणे हे सुचलं. आमच्या घरी आंघोळीची वेळ घड्याळावर नाही, दाराबाहेर उभ्या बाबांच्या खोकण्यावर मोजली जाते. त्यामुळे मला वाटलं, आपल्याला जन्मापासून सराव आहे.

पहिला मसुदा मी प्रस्तावातूनच कात्री लावून काढला. प्रस्तावना थोडी, पूर्वसंशोधन थोडं, पाचही उद्दिष्टं, वेळापत्रक. खोलीत मोबाईल लावून वाचला. अकरा मिनिटं! मग भराभर वाचला, तर सात मिनिटं. पण खोलीतला मित्र म्हणाला, ''लिलाव चालू आहे का?'' शेवटी माझा साधा बोलण्याचा वेग मोजला. मिनिटाला एकशेदहा शब्द. म्हणजे मला मिळणार होते सव्वातीनशे शब्द, आणि त्यातले बारा शीर्षकच खाणार होतं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मसुदा पाहिला आणि 'या संशोधनातून आम्ही सडीची लक्षणं ओळखली' या वाक्याखाली रेघ ओढली.

''काय ओळखलंस?''

''म्हणजे... ओळखणार आहे.''

''अजून एक कांदासुद्धा विकत घेतलेला नाहीस तू. हा प्रस्ताव आहे. निष्कर्ष नाहीत, तर मग तुझ्याकडे आहे काय?''

मी म्हणालो, ''पाच उद्दिष्टं.''

''प्रश्न किती?''

प्रश्न म्हणून वेगळा मी काढलेलाच नव्हता. 'विकास करणे', 'अभ्यास करणे', 'मूल्यमापन करणे' अशी सगळी करण्याची यादी होती. नेमकं काय जाणून घ्यायचंय ते एकतिसाव्या पानावर, सेन्सर कुठे बसवायचे त्या परिच्छेदात, अर्ध्या वाक्यात दडून बसलं होतं. कांदाचाळीत सड सुरू झाल्यापासून माणसाच्या नाकाला कळेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत हवेत काही बदल होतो का? एवढंच. मॅडम म्हणाल्या, ''हे ठेव. बाकीची चार उद्दिष्टं मला माहीत आहेत, लोकांना नकोत.''

प्रश्न सापडला, आता पकड हवी होती, म्हणजे पहिल्या वीस सेकंदांत ऐकणाऱ्याची मान वर करणारं वाक्य. पहिला प्रयत्न: 'कांदा हा भारतीय आहाराचा अविभाज्य घटक आहे.' मित्र चहा आणायला उठला. दुसरा प्रयत्न श्रोत्यांना प्रश्न विचारण्याचा. सरावाला सात जण बसवले आणि विचारलं, ''तुमच्यापैकी किती जणांनी आज कांदा खाल्ला?'' हात वर व्हायला, मोजायला आणि एका जैन मैत्रिणीने ''आमच्याकडे चालत नाही'' असं सांगायला मिळून चोवीस सेकंद गेले. तिसऱ्यात मी खिशातून कांदाच काढला. तो वस्तू म्हणून बाद झाला आणि रात्री आमटीत गेला.

शेवटी निफाडकडच्या मामाला फोन केला. त्याची स्वतःची कांदाचाळ आहे. एप्रिलमध्ये भरायची आणि भाव येईल तेव्हा, दिवाळीच्या आगेमागे, फोडायची.

''मामा, सड लागलीय हे तुला कसं कळतं?''

''वासानं. पण वास आला म्हंजे उशीर झाला. वरून ढीग चांगला दिसतो रे, आत एक सडतो, त्याचं पाणी खालच्यावर गळतं. एक सडका कांदा गप बसत नाही, शेजाऱ्याला घेऊनच जातो.''

फोन ठेवला आणि जाणवलं, मी आठ पानं खर्चून जे लिहिलं ते मामाने शेणाने भरलेल्या पायांनी उभ्याउभ्या सांगितलं होतं. पहिलं वाक्य मिळालं: 'माझा मामा सहा महिने नाकाने राखण करतो, आणि नाक नेहमी उशिरा पोचतं.'

पुढचं सोपं झालं. अख्खा कांदा फारसा वास देत नाही. चिरला की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि गंधकाची संयुगं हवेत येतात. म्हणून डोळ्यांत पाणी. सड म्हणजे कुणी न चिरता पेशी फुटणं. मग हवेत तो फरक आधी, अगदी बारीक का होईना, दिसेल का? तो सेन्सरने पाहायचा. यातली अडचणही मी वीस शब्दांत सांगितली: चाळ मुद्दाम हवेशीर बांधतात, त्यामुळे सापडायचा तो वास वाराच पळवून नेतो. सेन्सर ढिगाच्या आत ठेवायचे ते म्हणूनच. ही कबुली मला काढून टाकायची होती. मॅडम म्हणाल्या, ''तेवढ्यावरूनच कळेल की तू चाळ पाहिली आहेस.''

स्लाइडचं वेगळं रामायण. पहिलीवर नकाशा, आकृती, विद्यापीठाचं चिन्ह आणि दोनशेच्या वर शब्द. मित्राला पाच सेकंद दाखवून झाकली आणि विचारलं, काय होतं? ''बरंच काही,'' तो म्हणाला. शेवटच्या स्लाइडवर एकही शब्द नव्हता: कांद्याच्या ढिगाचा उभा छेद, मधोमध एक काळा कांदा आणि बाहेर एक भलंमोठं नाक. पाच सेकंदांनी मित्र म्हणाला, ''आत सडलंय आणि त्याला पत्ता नाही.'' नाकाचा नमुना माझाच होता, हे त्याने आपणहून सांगितलं.

सरावात भाषण दोन मिनिटं छप्पन्न सेकंदांत बसलं. मी स्वतःवर खूश. मंचावर गेलो, घसा खाकरला, आणि घड्याळ सुरू झालं. आवाज किंवा हालचाल झाली की वेळ मोजायला लागतात, हे नियमात होतं. पहिल्या वाक्याला सभागृह हसलं. नाकाच्या चित्रावर आणखी हसलं. मी समाधानाने हसू ओसरायची वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या संशोधनावर मला हवं तिथे हसत होते. 'एक सडका कांदा गप बसत नाही' हे शेवटचं वाक्य मी ठसक्यात म्हटलं, तेव्हा तीन मिनिटं आणि पाच सेकंद झाले होते. मीही गप बसलो नव्हतो. बाद. हशाला जागा ठेवायची तर भाषण पावणेतीन मिनिटांच्या आत संपवावं लागतं, हे चार सेकंद शिल्लक ठेवणाऱ्याला कोण सांगणार?

पण भाषणाने प्रस्ताव सुधारला. पाच उद्दिष्टांची दोन झाली, प्रश्न पहिल्या पानावर आला, आणि मी मामाचं वाक्य जसंच्या तसं प्रस्तावनेत घातलं. समितीकडून प्रत परत आली तेव्हा त्याच वाक्यावर लाल गोल होता. बाजूला लिहिलं होतं: ''अत्यंत महत्त्वाचं विधान. संदर्भ द्यावा.''