अकरा मिनिटांचा चित्रपट, चौदा मिनिटांचं भाषण

सर्वोत्कृष्ट लघुपटाचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आमचा दिग्दर्शक सभागृहात नव्हता. बाहेरच्या टपरीवर चहा पीत तो तिघाचौघांना पटवून देत होता, की कॉलेज महोत्सवातल्या परीक्षकांना सिनेमा कळत नाही. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं आणि अर्धा कप चहा तिथंच टाकून तो धावत सुटला. टपरीपासून मंचापर्यंत साधारण साठ पावलं. तेवढ्यात परीक्षकांना सिनेमा कळायला लागला होता.

‘आमचा’ म्हणायचं कारण असं, की तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि हा चित्रपट माझ्या स्वयंपाकघरात झाला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाही. चित्रपटाचं नाव ‘पोकळी’. लांबी अकरा मिनिटं. एक आजोबा ओट्याशेजारी बसून पत्राची वाट बघतात आणि पत्र येत नाही, एवढी गोष्ट. ती मला दोनदा सांगून झाल्यावर मी विचारलं, “अरे, पण मग पुढे काय होतं?” तो माझ्याकडे डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांकडे बघतात तसा बघत म्हणाला, “काका, ‘पुढे काय’ हा प्रश्नच जुना झालाय.”

पुरस्काराच्या भाषणांत एक जुना विक्रम सांगतात. 1943 च्या ऑस्कर समारंभात ग्रीअर गार्सन ही अभिनेत्री साधारण साडेपाच मिनिटं आभार मानत राहिली. लोकांनी तिला जन्मभर त्यावरून चिडवलं. उलट 1968 मध्ये हिचकॉकला मोठा सन्मान मिळाला, तेव्हा तो जवळजवळ नुसते धन्यवाद म्हणून माइकपासून निघून गेला. आमच्या दिग्दर्शकाला हिचकॉक फार प्रिय. भाषण चौदा मिनिटं चाललं.

सुरुवात ठरलेली होती. “मी काही बोलणार नव्हतो,” असं म्हणत त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मग दादासाहेब फाळके आले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी 1913 मध्ये त्यांनी काय काय सोसलं, सरस्वतीबाईंनी दागिने कसे दिले, सगळ्या चमूचा स्वयंपाक कसा एकटीनं सांभाळला, हे सांगताना त्याचा आवाज खरोखर दाटून आला. माझ्या शेजारी आमची ही बसली होती. शूटिंगच्या शनिवारी आणि रविवारी तिनं अकरा जणांना दोन वेळचे पोहे, एकदा पिठलं-भात आणि मोजता येणार नाही इतका चहा केला होता, तोही ‘काकू, ओटा मागे दिसतोय, भांडी हलवू नका’ या अटीवर. ती आपलं नाव आता येईल म्हणून पदर सावरून बसली. फाळक्यांनंतर सत्यजित राय आले. तिनं पदर सोडला.

राय यायला कारण होतं, ते कारण म्हणजे दाढी. ‘पथेर पांचाली’तलं काशाच्या फुलांचं दृश्य राय अर्धं चित्रित करून गेले आणि आठवड्यानं परत आले, तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. पुन्हा फुलं यायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं, आणि ते थांबले. ही गोष्ट आमच्या दिग्दर्शकानं मंचावरून रंगवून सांगितली आणि म्हणाला, “आम्हालाही निसर्गानं असंच आजमावलं.” निसर्ग म्हणजे तळमजल्यावरचे आजोबा. शनिवारी त्यांची पाच दिवसांची पांढरी खुंटं कॅमेऱ्यात सुरेख दिसली. रविवारी घरी पाहुणे येणार म्हणून ते सकाळी गुळगुळीत दाढी करून, वर पावडर लावून सेटवर हजर झाले. राय वर्षभर थांबले होते. आमच्याकडे कॅमेरा भाड्याचा होता आणि तो संध्याकाळी सातला परत द्यायचा होता. त्यामुळे चित्रपटात आजोबा दाराची कडी वाजली म्हणून उठतात ते दाढीसकट, आणि दार उघडतात तोवर दाढी गायब! परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं : ‘काळाची धीट उडी.’ तो शेरा त्यानं दोनदा वाचून दाखवला.

दुसरा शेरा ट्यूबलाइटबद्दल होता, आणि तिथं मला जागेवर बसणं कठीण झालं. आमच्या स्वयंपाकघरात जुन्या चोकची ट्यूब आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवायचं. मग प्रत्येक चित्रात ट्यूबची बरोबर दोन स्पंदनं मावतात आणि उजेड स्थिर दिसतो. आमच्या दिग्दर्शकानं हे शिक्षण एका अमेरिकन माणसाच्या व्हिडिओतून घेतलं होतं. तो बिचारा साठावा भाग सांगत होता आणि त्याच्या घरी ते बरोबरच होतं, कारण तिथली वीज साठाची. आमच्या ट्यूबखाली मात्र ते गणित जमेना आणि पडद्यावर काळपट पट्टे वरून खाली सरकू लागले. हे कळलं सोमवारी, कॅमेरा परत गेल्यावर. पुढचे तीन दिवस तो जेवला नाही, असं त्याची आई सांगत होती. आणि आता परीक्षक म्हणत होते, ‘प्रकाशाच्या थरथरीतून नायकाची घालमेल व्यक्त होते.’

मंचावर तो क्षणभर थांबला. मला वाटलं, आता खरं सांगेल. त्यानं केसांतून हात फिरवला आणि म्हणाला, “ती थरथर शोधायला मला वेळ लागला.”

याला खोटंही म्हणता येत नाही.

मग तो ध्वनीकडे वळला. ध्वनीच्या बाबतीत मात्र त्याला खरोखर समज होती, हे मान्य केलं पाहिजे. पहिल्याच दिवशी त्यानं आमचा फ्रिज बंद करायला लावला. मी म्हटलं, “अरे, त्याचा आवाज तो कितीसा?” त्यानं माझ्या कानांना हेडफोन लावले. तेवीस वर्षं ज्या घरात राहतो, तिथं रात्रंदिवस एक गिरणी चालते हे मला त्या दिवशी कळलं. वर ही गिरणी मधूनच थांबते आणि मधूनच सुरू होते. त्यामुळे दोन शॉट जोडले की एकात घरघर आणि दुसऱ्यात शांतता, आणि सांधा लगेच कानाला बोचतो.

फ्रिज बंद केला की तो सुरू करायचा विसर पडतो. त्यावर ध्वनीवाल्यांची एक जुनी युक्ती आहे : आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रिज उघडावाच लागतो आणि आठवण होते. यानं मोठ्या शिस्तीत किल्ली लोण्याच्या भांड्याशेजारी ठेवली. युक्तीत एकच त्रुटी होती. तो राहतो वरच्या मजल्यावर. रात्री तो जिना चढून घरी गेला. सकाळी दोन लिटर दूध, हिनं पाहुण्यांसाठी केलेलं श्रीखंड आणि एक किल्ली, एवढ्या गोष्टी फ्रिजमधून बाहेर काढाव्या लागल्या. चालू स्थितीत होती ती किल्ली.

भाषणात हे काही आलं नाही. भाषणात आलं ‘रूम टोन’. प्रत्येक जागेला तिची स्वतःची शांतता असते, ती अर्धा-एक मिनिट मुद्दाम ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि नंतर संवादांमधल्या फटी तिनं बुजवायच्या. मुकी पट्टी घातली तर आवाज मेल्यासारखा वाटतो. हे त्यानं फार चांगलं समजावलं. आणि मग हात वर करून म्हणाला, “माझी एक विनंती आहे. आपण सगळ्यांनी तीस सेकंद शांत राहू या.”

सभागृह उभं राहिलं.

मराठी माणसाला व्यासपीठावरून कुणी शांत राहायला सांगितलं तर तो दुसरं काय करणार? पहिल्या रांगेतले उठले, पाठोपाठ सगळे उठले. प्राचार्यांनी मान खाली घातली. माझ्या मागचे गृहस्थ हळूच म्हणाले, “कोण गेलं हो?” शेजारचा म्हणाला, “त्या ‘पोकळी’तले आजोबा असावेत.” ते आजोबा तिसऱ्या रांगेत उभे राहून स्वतःला श्रद्धांजली वाहत होते. दिग्दर्शक आधी गोंधळला, मग त्यालाही ते आवडलं असावं, कारण त्यानं डोळे मिटले. पंख्याची करकर, कुणाच्या तरी बांगड्या, बाहेर टपरीवर उकळी फुटल्याबरोबर झालेली भांड्याची खणखण, सगळं ऐकू येत होतं. चौदा मिनिटांतली ही तीस सेकंदं मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी नेहमीचं वाक्य आलं : “हा पुरस्कार माझा नाही, आमच्या टीमचा आहे.” हे वाक्य म्हणताना पुरस्कार छातीशी घट्ट धरायची पद्धत आहे, ती त्यानं पाळली. मग नावं वाचायला कागद उलटला, तर मागची बाजू कोरी. नावं टपरीवर राहिलेल्या दुसऱ्या कागदावर होती. तो घाईघाईनं म्हणाला, “सगळे वर या!”

अकरा जण मंचावर चढले. सगळ्यात शेवटी चढला माइक धरणारा मुलगा. किडकिडीत, पहिल्या वर्षाचा. त्याचं नाव मला आजही माहीत नाही, कारण दोन दिवस सेटवर सगळे त्याला ‘बूम’ म्हणत होते. रंगाऱ्याची लांब काठी, तिच्या टोकाला काळ्या चिकटपट्टीनं बांधलेला माइक, आणि ती आजोबांच्या डोक्यावर अधांतरी धरून हा एका स्टुलावर उभा. हात भरून आले की काठी इंचभर खाली यायची, आणि लगेच दिग्दर्शक ओरडायचा, “फ्रेममध्ये येतंय! वर घे!” दोन दिवसांत त्याला उद्देशून बोललं गेलेलं ते एवढंच वाक्य. हिनं मात्र त्याच्या खांद्यांना तेल लावून दिलं होतं.

फोटोग्राफरनं सगळ्यांना दाटीवाटीनं उभं केलं. दिग्दर्शकाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ट्रॉफी त्या मुलाच्या हातात दिली. भाषणात जे चौदा मिनिटांत जमलं नव्हतं ते त्यानं एका सेकंदात केलं. फोटोग्राफर म्हणाला, “ट्रॉफी जरा दिसू दे, वर घे!”

‘वर घे’ हे शब्द कानावर पडले मात्र, त्या मुलाचे दोन्ही हात आपोआप सरळ वर गेले.

तो फोटो आता आमच्या इमारतीच्या जिन्यात लावलाय. अकरा हसरे चेहरे आहेत, दिग्दर्शकाचं केसांतून फिरणारं बोट आहे, टोकाला एका मुलाचे मनगटापर्यंत दिसणारे हात आहेत. ट्रॉफी कुठेच नाही. ती त्यानं बरोबर फ्रेमच्या बाहेर धरली आहे.