शिंपीकाकांचा कागद स्टुटगार्टात

स्टुटगार्ट,
रविवार दुपार

ती. आईस,


शिंपीकाकांच्या मापाच्या कागदाचा तू पाठवलेला फोटो मिळाला. त्यावर चहाच्या कपाचा एक गोल उमटलाय. तो मापांपैकी नाही ना, एवढं आधी फोटो मोठा करून पाहिलं. तुझ्या सुनेचा पैठणीवरचा ब्लाउज इथेच शिवायचा ठरलाय, कारण मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम तोंडावर आला आणि तिकडून पार्सल वेळेत पोचेल याचा भरवसा नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक तुर्की शिंपीणबाई आहेत. पॅंट आखूड करणं, कोटाची चेन बदलणं ही त्यांची रोजची कामं, पण हात तयार आहे. अट एकच होती, मापं सेंटिमीटरमध्ये आणि जर्मनमध्ये हवीत.

मला वाटलं, यात काय अवघड आहे? जेवणं उरकून कागद घेऊन बसलो. वाचायला तुझ्या नातीला बसवलं, तेवढंच तिचं मराठी वाचन होतं. तिने ठणठणीत आवाजात वाचलं, ‘‘छाती तीन हजार सहाशे अकरा.’’ तुझी सून चहा पिता पिता ठसकली. काकांनी जुन्या पद्धतीने ‘३६॥’ लिहिलंय, म्हणजे साडेछत्तीस. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण, हे आपण आजोबांच्या वहीत पाहिलेलं, पोरीने कुठून पाहावं! तीन हजार सहाशे अकरा इंच म्हणजे एक्क्याण्णव मीटरच्या वर, फुटबॉलच्या मैदानाला अस्तर लागेल. समजावून सांगितल्यावर म्हणते, ‘‘मग शुभंकरोतीच्या शेवटी कसले साडे?’’ याचं उत्तर तूच दे.

तर पहिलं काम, सगळ्या रेघा उलगडून आकडे सरळ लिहिले. उंची साडेचौदा, छाती साडेछत्तीस, कंबर एकतीस, शोल्डर सव्वाचौदा, टक्स दहा. मग सेंटिमीटर. बाबांची पद्धत आठवते ना, ‘‘इंचाचे अडीच सेंटिमीटर धर आणि मोकळा हो’’? ती भिंतीवर कॅलेंडर टांगायला ठीक आहे. साडेछत्तीसला अडीचने गुणलं तर ९१.२५ येतात, पण इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे खरा आकडा ९२.७. छातीत दीड सेंटिमीटर कमी झालं की हुकांमधून अस्तर डोकावतं. बाबांना सांग, त्यांची पद्धत अगदीच टाकाऊ नाही, अडीचने गुणून दर पंचवीस इंचांमागे एक सेंटिमीटर वाढवला की बरोबर जमतं. आणि अर्ध्या सेंटिमीटरवर आणायचं ते सगळ्यात शेवटी. आधी पाव छाती काढून ती अर्ध्या सेंटिमीटरवर आणायची आणि पुन्हा चारने गुणायची, असं केलं तर चारही पाखांतली तूट एकत्र येऊन अंगावर बसते.

आपल्याकडेही गंमतच आहे बघ. कापड मीटरवर घ्यायचं आणि माप इंचात द्यायचं. मेट्रिक पद्धत १९५६च्या कायद्याने आली, कापडवाल्याने ती घेतली, शिंप्याने टेपच्या मागच्या बाजूला ठेवून दिली.

आकडे झाले, तेव्हा मला वाटलं झालं काम. काल दोघं दुकानात गेलो. बाईंनी त्यांचा छापील तक्ता काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि एकेक रकाना विचारायला लागल्या. शुल्टरब्राइटं, म्हणजे खांद्याची रुंदी. तुझी सून म्हणाली, ‘‘३६.२.’’ पेन्सिल थांबली. बाईंनी चष्म्यावरून आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा हिच्या खांद्यांकडे. म्हणाल्या, ‘‘ब्लाउज रोमन सैनिकासाठी आहे का?’’

त्यांच्या तक्त्यात खांदा म्हणजे एकच खांदा, मानेच्या बुडापासून हात सुरू होतो तिथपर्यंत. बारा-तेरा सेंटिमीटरचा मामला. काकांचं शोल्डर पाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यासाठी तक्त्यात जागाच नाही. पाठीच्या रुंदीचा रकाना आहे, पण ते माप खाली खवाट्यांपाशी, दोन हातांच्या मध्ये घेतात. शेवटी बाईंनी तक्ता बाजूला सरकवला, कागदावर ब्लाउजची पाठ काढली, दोन्ही टोकांना फुल्या मारल्या आणि मधल्या रेघेवर ३६.२ लिहिलं. त्यानंतर प्रत्येक मापाला आम्ही तेच केलं. नाव नाही विचारायचं, कुठून कुठपर्यंत ते बोटाने दाखवायचं. टक्सच्या मापाला त्यांनी मला कॅटलॉग बघायला पिटाळलं हे बरंच झालं. ते माप मात्र दोघींना एका खुणेत कळलं, गळ्याजवळच्या खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंत २५.४, इथेही तसंच घेतात.

खरी कसोटी लागली कंबरेला. कागदावर ‘कंबर ३१’, म्हणजे ७८.७. बाईंनी हिच्या कंबरेला टेप लावला तर ७६ भरली. त्या म्हणाल्या, बारीक झालात. ही खूश! मी म्हटलं, थांब, उगाच पेढे वाटू नकोस. उंची बघ. साडेचौदा इंच म्हणजे ३६.८, तीही गळ्याजवळच्या खांद्यापासून छातीवरून खाली. बाईंनी त्याच रस्त्याने कंबरेपर्यंत मोजलं, तर ४५ भरले. म्हणजे ब्लाउज कंबरेच्या आठ सेंटिमीटर वरच संपतो! काकांची ‘कंबर’ ही कंबर नाहीच. ती ब्लाउजच्या खालच्या कडेचा घेर आहे, छातीच्या खाली, फासळ्यांवर. बाईंनी तो आकडा कंबरेच्या रकान्यात लिहून तिथपर्यंत शिलाई उतरवली असती, तर निऱ्या खोचायला जागा उरली नसती आणि फासळ्यांवर ब्लाउज कुठे सैल, कुठे घट्ट झाला असता. तिथे टेप लावला, तर ७७ आले. वर पावणेदोन सेंटिमीटर श्वास घ्यायला. आकडा बरोबर जागी बसला.

बाईंना मात्र उंचीच पटेना. ‘‘एवढा आखूड? कापड कमी पडलं का?’’ असं त्या कळवळून विचारत होत्या. हिने फोनमधला आपल्या दादाच्या लग्नातला फोटो दाखवला. त्यात तू मधोमध उभी आहेस. बाईंनी बोटांनी तुझा फोटो मोठा केला, तुझ्या बाहीचा काठ निरखला आणि मान डोलावली. तुझ्या ब्लाउजची कीर्ती आता इथवर पोचली आहे.

यापुढची गोष्ट तू काकांना जरूर विचार, मला त्यांच्या तोंडून ऐकायचीय. त्यांनी मापं अंगावरून घेतली होती की जुन्या ब्लाउजवरून? कागदावर काही लिहिलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. बाईंनी हिच्या छातीला टेप लावला तर ८९ आले, कागदावर ९२.७. कागद लिहिल्यापासूनच्या तीन वर्षांत चार सेंटिमीटर अंग उतरावं असं आमच्याकडे काही घडलेलं नाही, इथे चीज स्वस्त आहे. म्हणजे काकांनी मापाचा ब्लाउज पाटावर पसरून मोजलाय आणि त्यात सैलपणा आधीच धरलेला आहे, साधारण दीड इंच. बाईंचा हिशोब वेगळा. त्या अंगाचं माप घेतात आणि मग नेहमीच्या ब्लाउजला त्यावर सहा सेंटिमीटर सैलपणा देतात. काकांच्या आकड्यावर त्यांनी आपले सहा चढवले असते, तर पैठणीचं झबलं झालं असतं. म्हणून कागदावर लाल अक्षरांत लिहून घेतलं, ‘तयार कपड्याची मापं, काही वाढवू नये.’ ही पारख घरी कोणालाही करता येते. माप अंगाशी ताडून पाहायचं. आकडा तंतोतंत जुळला तर ते अंगाचं माप, इंच-दीड इंच जास्त भरलं तर तयार कपड्याचं.

तुझा निरोपही दिला, ‘माया भरपूर ठेवा.’ बाजूच्या शिलाईत इथे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ठेवतात, मी दोन्हीकडे अडीच मागितली. बाई म्हणाल्या, ‘‘कशाला?’’ ही म्हणाली, ‘‘दिवाळी आहे.’’ त्यांनी काही न विचारता तीन लिहिलं.

पैठणीच्या कापडाला त्या अजून हात लावत नाहीत. जेमतेम ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा, दुसरा मिळणार नाही, म्हणून आधी पांढऱ्या मांजरपाटात कच्चा ब्लाउज शिवून अंगावर बघायचं ठरलं. खांदा घसरतोय का, हात वर केल्यावर मुंढा ओढतोय का, खालची कड वर चढतेय का, एवढंच त्यात तपासायचं. कच्चा तयार झाला, आज सकाळीच घालून बघितला. खांदे जागच्या जागी आहेत. मागचा गळा मात्र दोन सेंटिमीटर जास्त खोल आलाय. काकांचे साडेनऊ इंच खांद्याच्या शिलाईपासून, आणि बाईंनी मानेच्या मागच्या मणक्यापासून मोजले. त्या वर घेणार होत्या, पण हिला तसाच आवडला. तू फोटो बघून नाक मुरडशील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आता तातडीचं. काकांनी हुक पुढे की मागे ते लिहिलेलंच नाही, आणि जुना ब्लाउज तुझ्या कपाटात आहे. बाई म्हणतात, मागे चेन लावते, छान बसेल. मागचा गळा एवढा खोल असताना चेन कुठून सुरू करणार, हे मी त्यांना विचारलं तर त्याच विचारात पडल्या. त्या मंगळवारी खरं कापड कापणार आहेत. तेव्हा कपाट उघडून बघ, हुकपट्टी कुठे आहे आणि किती हुक आहेत ते सोमवारी रात्रीपर्यंत कळव. लांबीही मोजायची असेल तर टेपच्या कुठल्या बाजूने मोजलीस ते लिही.

बाबांना नमस्कार, दादाच्या पोरांना गोड पापा.

तुझा,
बाळू

ता. क. बाबांच्या नव्या सदऱ्याचं माप पाठवणार असशील तर काकांना म्हणावं, रेघा नकोत.