मनगटाची जबानी

महाराष्ट्रातील एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एक जून या दिवशी एकसमयावच्छेदेकरून येतो. पोराला हाताशी धरून शाळेत आलेल्या बापाला जन्मतारीख सांगता आली नाही, की हेडमास्तरांनी ती तारीख रजिस्टरात घालून मोकळे व्हावे, असा पूर्वीचा शिरस्ता होता. त्या बिचाऱ्यांचा हेतू केवळ रकाना भरण्याचा होता. पोराला सोळा वर्षांखालील क्रिकेट संघात घुसवावे, ही दूरदृष्टी त्या काळच्या शिक्षकवर्गात अद्याप उत्पन्न व्हावयाची होती.

पुढे विद्येचा प्रसार झाला. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची वर्दी एकवीस दिवसांत द्यावयाची असते. परंतु वर्ष उलटून गेल्यावरही, दंडाधिकाऱ्याचा हुकूम मिळविल्यास, नोंद करता येते. खेड्यापाड्यांतील निरक्षर मातापित्यांसाठी ठेवलेली ही दयाळू खिडकी काही चतुर पालकांच्या दृष्टीस पडली, आणि एकदा जन्मलेले बालक दोन-अडीच वर्षांच्या अंतराने कागदावर पुनश्च जन्म घेऊ लागले. परिणामी नाणेफेकीला एक कर्णधार सकाळची दाढी आटोपून येतो आणि दुसऱ्याच्या पॅडचे पट्टे दोनदा गुंडाळूनही लोंबत राहतात, असा देखावा मैदानावर दिसू लागला. दाखल्यावरून पाहावे, तर दुसराच चार महिन्यांनी वडील!

कागद फितूर झाला, तेव्हा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने हाडांची साक्ष काढण्याचे ठरविले. २०१२ पासून टीडब्ल्यू-३ नामक पद्धतीने खेळाडूच्या डाव्या हाताचा व मनगटाचा क्ष-किरण फोटो घेतला जातो. मनगटाकडील दोन लांब हाडे आणि अंगठा, मधले बोट व करंगळी यांची मिळून अकरा, अशी तेरा हाडे साक्षीदार म्हणून उभी राहतात. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा थर असतो. तो हळूहळू हाडात रूपांतरित होऊन अखेर सांधून जातो. ही मजल कुठवर आली आहे हे पाहून तज्ज्ञ प्रत्येक हाडाला इयत्ता देतो, इयत्तांच्या गुणांची बेरीज करतो आणि कोष्टकातून वय काढतो. बेरीज हजारावर पोहोचली, की मुलगा साडेसोळा वर्षांचा आणि मुलगी पंधराची ठरते. म्हणून सोळा वर्षांखालील मुलांसाठी १६.४ ही सरहद्द. एक दशांश अधिक भरला, की बाहेर.

हा दशांश म्हणजे सुमारे पाच आठवडे. आता निरोगी, प्रामाणिक मुलांचीही हाडे जन्मतारखेच्या वर्षभर पुढे किंवा मागे असू शकतात, हे कोणीही वैद्य सांगेल. पण दशांशचिन्हापुढे वैद्यांचा मुलाहिजा राखण्याची आपल्या दप्तरांत पद्धत नाही. तेव्हा असे घडते, की खरोखर पंधरा वर्षांचा, पण लवकर वयात आलेला मुलगा १६.५ भरून घरी जातो, आणि सतरा पूर्ण झालेला, पण उशिरा वाढलेला त्याचा प्रतिस्पर्धी १६.२ भरून सलामीला उतरतो. पहिल्याने कागदावर खरे सांगितले होते, दुसऱ्याने खोटे. उभयतांच्या मनगटांनी मात्र खरेच सांगितले, कारण जन्म केव्हा झाला हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते, वाढ किती झाली एवढेच विचारले होते.

याहून मौज पुढील हंगामाची. एकदा तपासलेल्या मुलाच्या हाडवयात अंकगणिताने एक वर्ष मिळवावयाचे, असा नियम असे. यंदा १५.४ भरलेला पुढल्या वर्षी १६.४, म्हणून आत, १५.५ भरलेला १६.५, म्हणून बाहेर. मधल्या वर्षात हाड प्रत्यक्ष किती वाढले, याची विचारपूस नाही. हाडाने सरकारी नोकरासारखी वार्षिक वेतनवाढ घ्यावी, अशीच अपेक्षा! २०२५ मध्ये अशा अडकलेल्यांना दुसऱ्या चाचणीची मुभा देण्याची सुबुद्धी मंडळाला झाली.

मध्यंतरी, २०२० साली, मंडळाने अभयपत्रही काढले होते: मुदतीत खोट्या दाखल्याची कबुली देणाऱ्यास खऱ्या वयोगटात खेळता येईल, न देता सापडणाऱ्यास दोन वर्षे बंदी. अपराध बहुधा बापाचा, प्रशिक्षकाचा किंवा दाखला मिळवून देणाऱ्या दलालाचा. सही आणि बंदी मात्र पोराची. दलालांकरिता अभयपत्र निघाले नाही. त्यांना तशी निकडही नसावी.

आणि एकोणीस वर्षांखालील गटाचे काय? तेथे सगळी हाडे सांधून गेलेली असतात, बेरीज सर्वांचीच हजार, आणि कोष्टक साडेसोळाच्या पुढे मौन पाळते. साडेअठराचा आणि बाविसाचा त्यात भेद नाही. म्हणून २०२० च्या नियमांत, जन्मानंतर दोन वर्षांहून उशिरा नोंद झालेल्यांवर या गटात बंधने घातली गेली. म्हणजे सोळाव्या वर्षी फितूर ठरवून ज्याला कचेरीबाहेर काढले, त्याच जन्मदाखल्याला एकोणिसाव्या वर्षी पुन्हा आत बोलावून खुर्ची द्यावी लागते. अट एवढीच, की त्याने वेळेवर खोटे बोललेले असावे.