नकार मिळाला, निकाल बाकी

अमेरिकेच्या व्हिसाचे निकाल दोनच, मिळाला किंवा नाकारला, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरातलं कुणी अजून मुलाखतीच्या खिडकीपुढे उभं राहिलेलं नाही. तिसरा निकाल कलम २२१(जी)चा. त्यात खिडकीपलीकडचे साहेब छान हसतात, हातात एक चिठ्ठी देतात आणि थोडी तपासणी बाकी आहे म्हणतात. मुलगी पाहून गेलेली मंडळी "पत्रिका बघून कळवतो" म्हणतात, तसंच हे. फक्त इथे कांदेपोह्यांचे १८५ डॉलर आपण आधीच भरलेले असतात आणि ते परत मिळत नाहीत.

यात साहेबांचाही दोष नाही. मुलाखत झाली की व्हिसा द्यायचा किंवा नाकारायचा, मधली जागा त्यांच्या कायद्यात नाही. म्हणून तपासणीसाठी थांबवलेला अर्जसुद्धा कायद्याने नाकारलेलाच. पूर्वी स्थिती पाहायच्या पानावर निदान Administrative Processing असं सभ्य काहीतरी दिसायचं. २०२० पासून त्या जागी थेट Refused येऊ लागलं. त्याखालचा बारीक मजकूर वाचला तर कळतं की प्रकरण अजून चालू असू शकतं. पण घरात सगळ्यात आधी ते पान आजी पाहते, आणि आजीचा चष्मा मोठ्या अक्षरांपुरताच आहे.

समजा, नाशिकचा एक बावीस वर्षांचा मुलगा आहे. सेमीकंडक्टरमध्ये एमएस करायचं, ऑगस्टच्या मध्याला वर्ग सुरू, जूनमध्ये मुलाखत. विषय संवेदनशील तंत्रज्ञानात मोडतो, म्हणून चिठ्ठी मिळाली. चार दिवसांनी ई-मेलने डीएस-५५३५ हा प्रश्नसंच आला. गेल्या पंधरा वर्षांत कुठे राहिलात, कुठे नोकरी केलीत, कुठल्या देशांत गेलात आणि त्या प्रवासाचे पैसे कुणी दिले? शिवाय पाच वर्षांतले फोन नंबर, ई-मेल आणि समाजमाध्यमांवरची नावं. पंधरा वर्षांपूर्वी हा मुलगा दुसरीत होता. नोकरीचा तपशील म्हणून फार तर वर्गाचा मॉनिटर एवढंच लिहिता आलं असतं. पण विनोद करायची ती जागा नव्हे, म्हणून त्याने मुकाट्याने 'लागू नाही' लिहिलं आणि दुबईची सहल आजोबांच्या खर्चाने झाल्याचं कबूल केलं.

त्यानंतर काहीच घडत नाही. चौकशी केली तर छापील उत्तर येतं: तपासणी सुरू आहे, कालावधी सांगता येत नाही. कारणही सांगत नाहीत. मग उरतं ते पान आणि त्यावरची 'शेवटचा बदल' ही तारीख. ती तारीख मधूनच पुढे सरकते, शब्द मात्र तोच राहतो. या सरकण्यावर एक नवं ज्योतिष उभं राहिलं आहे. लागोपाठ दोनदा तारीख बदलली की योग चांगला, मंगळवारी बदलली की पासपोर्ट मागवणार. तारीख बदलली याचा अर्थ कुणीतरी फाइल उघडली, यापलीकडे काही सिद्ध होत नाही, हे ज्योतिष्यांनाही ठाऊक असतं.

इकडे घड्याळ मात्र खरं असतं. विद्यापीठ हजर होण्याची शेवटची तारीख कळवतं. ती चुकली की प्रवेश जानेवारीवर ढकलायचा, आय-२० नव्या तारखांचं घ्यायचं. कर्जाचा पहिला हप्ता उचलला असेल तर व्याज चढत राहतं, त्याला तपासणीशी देणंघेणं नाही. निरोपाची पुरणपोळी खाऊन झालेली असते, कुकर आणि मेतकूट वजनकाट्यावर चढून उतरलेलं असतं. मुलगा कॉलेज रोडला जायचं टाळतो, कारण "अरे, तू अजून इथेच?" या प्रश्नावर कुठलाही प्रश्नसंच भरून देता येत नाही.

समजा, ऑक्टोबरमध्ये पान बदललं, Issued दिसलं. आनंदीआनंद! पण पुढच्या वेळच्या अर्जात एक प्रश्न असतोच: तुम्हाला पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का? खरं उत्तर 'हो'. ज्या पासपोर्टवर व्हिसा चिकटलेला आहे, त्याच्याच मालकाने तो नाकारला होता असं लिहायचं आणि खाली खुलासा द्यायचा.

रांगेतल्यांना दिलासा एकच. मुंबईत ब्रीच कँडीला लिंकन हाउस आहे. २०११ साली अमेरिकेची वकिलात तिथून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, आणि २०१५ मध्ये ती वास्तू ७५० कोटींना विकल्याचं जाहीर झालं. पुढे कित्येक वर्षं तो व्यवहार आपल्या सरकारच्या मंजुरीअभावी लटकून राहिला. म्हणजे 'कळवतो' म्हणायची कला आपणही जाणतो. आपण फक्त अमेरिकेकडे गेल्या पंधरा वर्षांचे पत्ते मागितले नाहीत, एवढाच काय तो आपला मोठेपणा.