पास झालेल्या माणसाला पत्र कसे द्यावे: भिवंडीच्या गोदामांतील नवशिक्या मॅनेजरांसाठी

अभिनंदन. तुमचा माणूस पीआयपीतून पास झाला. ऐकून तुम्ही जरा गडबडलात, तेही साहजिकच आहे. नापास झाला असता तर पत्र तयार होते. एचआरकडे त्याचा नमुना असतो, वकिलाने तपासलेला. नाव आणि तारीख टाकली की झाले. पास झालेल्याचा नमुना मात्र कोणी करून ठेवत नाही, कारण पीआयपी सुरू करताना अशी वेळ येईल असे कोणाच्या मनातही आलेले नसते.

सर्वात सोपी पद्धत आधी सांगतो: पत्र देऊच नका. आपल्या पट्ट्यात ही पद्धत फार लोकप्रिय आहे. चहाच्या टपरीवर पाठीवर थाप मारायची, ‘चाललंय ना नीट, मग कागद कशाला?’ म्हणायचे आणि कामाला लागायचे. तिचा परिणाम सावकाश दिसतो. पगारवाढीच्या महिन्यात हेड ऑफिसच्या सिस्टिममध्ये त्या माणसापुढे पीआयपी ‘चालू’ असे दिसते आणि त्याची वाढ थांबते. तोवर तुम्ही मानकोली सोडून पडघ्याच्या नव्या गोदामात गेलेले असता. तुमच्या जागी आलेला मॅनेजर फाइल उघडतो. तिच्यात फक्त पहिले पत्र, म्हणजे चुकांची यादी. पुढचे काहीच नाही. तो बिचारा जे कागदावर आहे तेच खरे धरणार. आपल्या कामगार कायद्यांत पीआयपी नावाची तरतूद नाही. कंपनीनेच कागदावर उभी केलेली ही सोय आहे. तेव्हा ती कागदावरच बंद व्हायला हवी, आणि मुदत संपल्याच्या आठवड्यातच.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. गोदाम अंजूर फाट्याच्या बाजूचे, पत्र्याचे, उंच. ही गोदामे इथे का आली हे नवशिक्याला माहीत असावे: मुंबईची जकात नाक्यापलीकडे सुरू व्हायची, म्हणून व्यापाऱ्याने माल अलीकडे उतरवला. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. तर अशा एका गोदामातला रात्रपाळीचा सुपरवायझर. तीन तक्रारींवरून त्याला साठ दिवसांचा पीआयपी दिला. सिस्टिममध्ये माल एका रॅकवर दिसायचा आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच रॅकवर सापडायचा. लोडिंग संपले तरी गाडीचे कागद लवकर निघत नसत. आणि हमालांच्या टोळीचा मुकादम रोज तक्रार घेऊन उभा.

आता पत्राचा पहिला परिच्छेद. नवशिक्या इथे लिहितो: ‘आपल्या कामात लक्षणीय सुधारणा झाली असून व्यवस्थापन समाधानी आहे.’ वाक्य सुरेख आहे. निवृत्ती समारंभात, सोसायटीच्या सभेत, कुठेही चालेल. या पत्रात मात्र ते चालत नाही, कारण सहा महिन्यांनी ‘सुधारणा टिकली का?’ असे कोणी विचारले तर कशाशी ताडून बघायचे ते त्यात नाही. त्याऐवजी असे लिहा:

‘दर आठवड्याला २०० जागांची मोजणी होते. योजना सुरू होताना त्यांपैकी १८ जागांवर माल जुळत नव्हता. शेवटच्या चार आठवड्यांत न जुळलेल्या जागा अनुक्रमे ५, ३, ४ आणि ३ होत्या. एकूण ८०० पैकी ७८५ जागा जुळल्या, म्हणजे ९८.१ टक्के. चार आठवड्यांचे एकत्रित लक्ष्य ९८ टक्के होते.’

इथे तुमचा हात शिवशिवेल. या चारपैकी पहिल्या आठवड्यात ५ चुका म्हणजे तो आठवडा ९७.५ टक्क्यांचा, लक्ष्याच्या खाली. मग ‘सुधारणा झाली असली तरी सातत्याचा अभाव जाणवतो’ असे एक वाक्य घुसवावेसे वाटेल. थांबा. आधी जुने पत्र काढून बघा, लक्ष्य एकत्रित चार आठवड्यांचे ठरले होते की प्रत्येक आठवड्याचे. एकत्रित ठरले असेल तर तो पास आहे. शर्यत संपल्यावर फीत हलवायची नसते. शिवाय त्या आठवड्यात काय घडले होते? जोराचा पाऊस, पाणी शटरपर्यंत आलेले, खालच्या पॅलेट रात्रीत घाईने वरच्या रॅकवर चढवलेल्या. त्या गडबडीत पाच जागा चुकल्या. ‘या आठवड्यात पाण्यामुळे माल तातडीने हलवावा लागला होता’ एवढे एक वाक्य लिहा. ५ चा आकडा मात्र पुसू नका. पुसलात तर उद्या कोणी मोजणीचे रजिस्टर काढेल आणि बाकीच्या तिन्ही आकड्यांवरचाही विश्वास उडेल.

यानंतरचा भाग नवशिके हमखास गाळतात, आणि माझ्या मते पत्राचा जीव त्यातच आहे. आकडा सुधारला कशामुळे? आपल्या सुपरवायझरची गोष्ट बघा. रात्री आवक आणि जावक दोन्हींना मिळून एकच स्कॅनर होता. आवकेचा माल डॉकवर स्कॅन व्हायचा, स्कॅनर जावकेकडे जायचा आणि फोर्कलिफ्टवाला पॅलेट दिसेल त्या रिकाम्या जागी ठेवून मोकळा व्हायचा. खालच्या बीमवरची बारकोडची लेबले फोर्कलिफ्टच्या धक्क्याने फाटली होती, ती वेगळीच. पीआयपीच्या तिसऱ्या आठवड्यात दुसरा स्कॅनर आला, लेबले नवी लागली, आणि मग सुपरवायझरने नियम केला की पॅलेट रॅकवर ठेवून तिथले लेबल स्कॅन झाल्याशिवाय फोर्कलिफ्ट परत फिरणार नाही. म्हणजे निम्मे काम स्कॅनरने केले आणि निम्मे त्याने. पत्रात दोन्ही लिहा. ‘कंपनीने दुसरा स्कॅनर व नवी लेबले दिली. रॅकवरच स्कॅन करण्याची शिस्त आपण लावली व टिकवली.’

असे लिहिणे म्हणजे आपल्या चुकीची कबुली, असे एचआरमधले कोणी तरी म्हणेल. म्हणू द्या. पुढच्या सीझनला जावकेवर ताण आला की तो दुसरा स्कॅनर पहिल्यांदा कोण उचलून नेणार? तुम्हीच. आकडा परत खाली आला की सगळे त्या माणसाकडे बोट दाखवतील. पत्रात स्कॅनर असेल तर निदान प्रश्न बरोबर माणसाला विचारला जाईल.

कागदांची तक्रार झटपट संपवता येते, फक्त घड्याळ कुठून सुरू होते ते लिहा. गाडी नाशिक हायवेच्या कोंडीत चार तास अडकली तर त्याचा दोष सुपरवायझरला कसा देणार? म्हणून मोजायचे ते लोडिंग संपल्यापासून गेटपास हातात पडेपर्यंत. आधी सरासरी ७५ मिनिटे लागत, आता २८, लक्ष्य ३०. खरा घोळ ई-वे बिलात व्हायचा. ट्रान्सपोर्टर ऐनवेळी गाडी बदलायचा आणि भाग-ब मध्ये जुनाच नंबर राहायचा. आता हा माणूस गाडी डॉकला लागतानाच नंबरप्लेट बघून नंबर जुळवतो, लोडिंग संपण्याची वाट बघत नाही. ही सवय पत्रात एका ओळीत यावी. नुसत्या मिनिटांवरून ती कोणाला कळणार नाही.

तिसरी तक्रार वागण्याची, आणि तिथे भल्याभल्यांची लेखणी घसरते. ‘आपल्या स्वभावात सकारात्मक बदल झाला आहे.’ अहो, स्वभाव बदलायला आई-वडिलांना जमले नाही, तुम्हाला साठ दिवसांत जमले? माणसाचा स्वभाव पत्रात आणू नका. झाले काय होते ते बघा. टोळी माथाडी मंडळाची, तुमच्या हजेरीपटावरची नाही. रात्री दहाला फोन करून ‘आत्ता बारा माणसे पाठव’ म्हटले की मुकादम चिडणार आणि हा त्याच्यावर ओरडणार. आता तो संध्याकाळी सहापर्यंत गाड्यांची यादी मुकादमाला पाठवतो. लिहायचे ते हे. ओरडणे बंद झाले की नाही हे मुकादमच सांगेल, आणि त्याला विचारल्याशिवाय हा परिच्छेद लिहू नका.

आता पुढच्या अपेक्षा. नवशिक्याची लाडकी ओळ इथे येते: ‘यापुढे कोणतीही चूक आढळल्यास पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करण्यात येईल.’ या एका ओळीने वरचे सगळे पत्र पुसले जाते. माणूस पास झाला आणि निकालाबरोबर त्याला जन्मभराची पुरवणी परीक्षा लागली. शिवाय ती धमकी निभावताही येत नाही. कामात कमी पडणे वेगळे, गैरवर्तन वेगळे. गैरवर्तनासाठी आरोपपत्र आणि चौकशी अशी स्वतंत्र वाट आहे, ती या पत्राने कमी होत नाही की लांबतही नाही.

अपेक्षा लिहिताना एकच कसोटी लावा: हीच अपेक्षा दिवसपाळीच्या सुपरवायझरकडून आहे का? असेल तर लिहा. ९८ टक्के मोजणी, ३० मिनिटांत कागद, पाळी बदलताना लेखी हँडओव्हर आणि सहाची यादी या गोष्टी दोघांनाही लागू आहेत. मॅनेजरला रोज सकाळी वेगळा रिपोर्ट पाठवणे हे पीआयपीपुरते होते. ते कोणत्या तारखेपासून बंद, ते पत्रात स्पष्ट सांगा. नाही सांगितले तर तो आणखी वर्षभर रिपोर्ट पाठवत राहील आणि तुम्ही ते न वाचता साठवत राहाल. पुढे काम परत घसरले तर काय, यासाठी दोन वाक्ये पुरेत: पहिल्यांदा समोरासमोर बोलणे होईल आणि त्यात साधनांची कमतरता आहे का तेही बघितले जाईल, त्यानंतरही फरक पडला नाही तर नेहमीच्या पद्धतीने नवी योजना. या संपलेल्या योजनेतले जुने आकडे त्याच्याविरुद्ध पुन्हा वापरायचे नाहीत.

हेड ऑफिसला इंग्रजी प्रत लागते, ती पाठवा. पण सही त्याने स्वतःला वाचता येईल अशा प्रतीवर करावी. रात्रपाळी संपल्यावर सकाळी सातला, डोळे मिटत असताना, गेटवर पत्र हातात कोंबू नका. पाळी सुरू होण्याआधी केबिनमध्ये बसवा, त्याला वाचू द्या, आकडा चुकला असे म्हणाला तर रजिस्टर उघडा. एक प्रत त्याला, एक फाइलला, आणि सिस्टिममधली नोंद तुमच्या देखत ‘बंद’ झाली पाहिजे. एचआर ‘करतो’ म्हणाले तर तिथेच थांबा आणि करून घ्या.

आणि प्रिंट काढण्याआधी पूर्ण पत्र एकदा मोठ्याने वाचा. नमुना नव्हता म्हणून तुम्ही शेजारच्या गोदामाच्या मित्राकडून त्याची फाइल मागवली होती ना? मग चौथ्या ओळीत ‘श्रीमती’ असेल, शेवटच्या ओळीत शेजारच्या कंपनीचे नाव असेल, आणि मध्ये कुठे तरी तुमच्या रात्रपाळीच्या सुपरवायझरचे ग्राहकांशी फोनवर गोड बोलण्याबद्दल कौतुक केलेले असेल.